अर्धं अर्धं जमेल का? सबसेट सम, समान वाटणी आणि नॅपसॅकचं नातं

आज एकच प्रश्न घेऊ, पण तो नीट तळापर्यंत पाहू. काही आकडे दिलेले आहेत. त्यांतले काही निवडून एक ठरावीक बेरीज नेमकी जमवता येईल का? येईल की नाही, एवढंच उत्तर हवंय. या प्रश्नाला सबसेट सम म्हणतात. शाळेतला संच आणि उपसंच आठवत असेल तर 'उपसंचाची बेरीज' असं म्हणा. आणि ती ठरावीक बेरीज सगळ्या आकड्यांच्या एकूण बेरजेच्या बरोबर निम्मी असेल, तर तोच प्रश्न समान वाटणीचा होतो.

उदाहरण सामानाचं घेऊ. दोघं जण पुण्याहून विमानाने बंगळुरूला निघालेत, तिकिटं वेगवेगळी काढलेली आहेत आणि प्रत्येकाला १५ किलो सामान चालतं. पाच खोकी बांधून तयार आहेत. लोणच्याचं ३ किलोचं, फराळाचं ५ किलोचं, भांड्यांचं ६ किलोचं, इंद्रायणी तांदळाचं ७ किलोचं आणि पुस्तकांचं ९ किलोचं. एकूण बरोबर ३० किलो. खोकी फोडायची नाहीत. मग दोघांच्या वाट्याला १५-१५ येतील का?

आपण घरी हे कसं करतो? मोठं खोकं आधी उचलतो आणि दर वेळी ज्याच्याकडे कमी वजन आहे त्याला पुढचं देतो. करून बघा. पहिल्याला ९, दुसऱ्याला ७. दुसऱ्याकडे कमी आहे, म्हणून ६ त्याला, त्याचे झाले १३. आता पहिल्याकडे कमी, म्हणून ५ त्याला, त्याचे झाले १४. उरलेले ३ दुसऱ्याला, त्याचे झाले १६. म्हणजे १४ आणि १६. एका किलोचे जादा पैसे भरायचे. प्रत्यक्षात ९ आणि ६ एकाला, बाकीचे दुसऱ्याला, असे सरळ १५-१५ होतात. ही मोठ्यापासून वाटत जाण्याची रीत वाईट नाही, बऱ्याचदा जवळपास पोचवते. पण ती 'नाही जमत' म्हणाली तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आपल्याला खात्रीचं 'हो' किंवा खात्रीचं 'नाही' हवं आहे.

खात्रीचा एक मार्ग म्हणजे सगळे उपसंच तपासायचे. प्रत्येक खोक्याबाबत घे किंवा सोड असे दोनच पर्याय, म्हणून पाच खोक्यांचे ३२ उपसंच. हे कागदावरही होईल. पण खोकी ४० झाली की उपसंच होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी.

आता जरा थांबून बघा, या सगळ्या उपसंचांत आपण काय काय पुन्हा पुन्हा करतोय. ३ आणि ५ घेऊन ८ किलो झाले. समजा दुसऱ्या कुठल्या यादीत २ आणि ६ घेऊनही ८ झाले. इथून पुढे या दोन वाटांमध्ये काही फरक उरतो का? पुढची खोकी तीच, गाठायची बेरीज तीच. आतापर्यंतची बेरीज ८ आहे एवढंच महत्त्वाचं, ती कशी झाली हे नाही. म्हणून उपसंच लक्षात ठेवायचे नाहीत, फक्त गाठलेल्या बेरजा लक्षात ठेवायच्या. आणि बेरजा फार नाहीत. ० ते १५, म्हणजे १६ च. १५ च्या पुढे गेलेली बेरीज परत खाली येत नाही, कारण वजनं उणे नसतात. ती सोडून दिली तरी चालते.

यातूनच तक्ता तयार होतो. वर आडवे रकाने ० ते १५, बेरजांसाठी. खाली ओळी, एकेका खोक्यासाठी. प्रत्येक घरात एकच गोष्ट लिहायची: 'या ओळीपर्यंतची खोकी वापरून ही बेरीज नेमकी जमते का?' उत्तर हो किंवा नाही. हो आणि नाही एवढ्याच दोन किमती घेणाऱ्या घराला बूलियन म्हणतात, म्हणून हा बूलियन तक्ता.

अगदी पहिली ओळ एकही खोकं न घेतल्याची. काहीच न घेता ० जमते, बाकी काही नाही. म्हणून फक्त शून्याच्या रकान्यात हो. ही ओळ क्षुल्लक वाटते, पण सगळा तक्ता तिच्यातूनच उगवतो.

पुढच्या प्रत्येक घरासाठी दोनच प्रश्न विचारायचे. हे खोकं न घेता ही बेरीज आधीच जमत होती का? म्हणजे बरोबर वरच्या घरात हो आहे का? किंवा, या खोक्याचं वजन वजा केल्यावर उरणारी बेरीज वरच्या ओळीत जमत होती का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो आलं तरी या घरात हो. भरलेला तक्ता असा दिसतो. १ म्हणजे हो, टिंब म्हणजे नाही.

```
     0  1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12 13 14 15
-    1  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .
3    1  .  .  1  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .  .
5    1  .  .  1  .  1  .  .  1  .  .  .  .  .  .  .
6    1  .  .  1  .  1  1  .  1  1  .  1  .  .  1  .
7    1  .  .  1  .  1  1  1  1  1  1  1  1  1  1  1
9    1  .  .  1  .  1  1  1  1  1  1  1  1  1  1  1
```

६ ची ओळ तुम्ही स्वतः एकदा भरून बघा, म्हणजे हात बसेल. वरच्या ५ च्या ओळीत ०, ३, ५, ८ हे चार हो आहेत. ते जसेच्या तसे खाली आले. त्या प्रत्येकात ६ मिळवले की ६, ९, ११, १४. मिळून आठ झाले. ७ च्या ओळीत तेच पुन्हा, आणि तिथे ८ अधिक ७ म्हणून पहिल्यांदा १५ च्या रकान्यात हो उमटतं. आपलं उत्तर मिळालं. ९ किलोचं खोकं यायच्या आधीच मिळालं.

नुसतं 'हो' कळून खोकी वाटता येत नाहीत. कुठली कुणाला द्यायची हेही तक्ताच सांगतो, फक्त उलटं चालायचं. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. ९ च्या ओळीत १५ ला हो आहे. वरच्या घरातही हो आहे, म्हणजे ९ ची गरज नव्हती. वर सरका. ७ च्या ओळीत हो, पण तिच्या वर ६ च्या ओळीत १५ ला नाही. म्हणजे हे हो ७ मुळेच आलं. ७ घेतलं, उरले ८. आता ६ च्या ओळीत ८ चा रकाना बघा: हो, आणि त्याच्या वरही हो, म्हणून ६ सोडलं. ५ च्या ओळीत ८ ला हो आणि त्याच्या वर नाही, म्हणून ५ घेतलं, उरले ३. तिथे ३ घेतलं, उरलं ०. एका वाट्याला लोणचं, फराळ आणि तांदूळ. दुसऱ्याला भांडी आणि पुस्तकं. दोन्हींकडे १५.

समान वाटणीत एक सोपी चाचणी आधीच करून घ्यावी. एकूण बेरीज विषम असेल तर तक्ता मांडायचाच नाही, पूर्ण आकड्यांत निम्मं होऊच शकत नाही. पण बेरीज सम आहे म्हणजे वाटणी जमेलच, असं उलटं मात्र म्हणता येत नाही. १, २ आणि ५ घ्या. बेरीज ८, निम्मे ४. या तीन आकड्यांतून ४ कसेही होत नाहीत. हे तीन आकडे लक्षात ठेवा, थोड्याच वेळात कामाला येणार आहेत.

आता प्रोग्रॅम. प्रत्येक ओळ फक्त आपल्या वरच्या ओळीकडे बघते. मग सगळ्या ओळी साठवायच्या कशाला? एकच ओळ ठेवू आणि तिच्यावरच पुन्हा पुन्हा लिहू.

```python
def samaan_vatani(vajane):
    ekun = sum(vajane)
    if ekun % 2:
        return False
    nimme = ekun // 2
    jamte = [False] * (nimme + 1)
    jamte[0] = True
    for v in vajane:
        for s in range(nimme, v - 1, -1):
            if jamte[s - v]:
                jamte[s] = True
    return jamte[nimme]
```

यातली आतली फेरी उलटी चालते, मोठ्या बेरजेकडून लहान बेरजेकडे. मला विचाराल तर या सगळ्या विषयात सर्वात जास्त चुका या एका ओळीत होतात. सरळ दिशेने, लहानाकडून मोठ्याकडे गेलात तर काय होतं? पहिलं खोकं ३ किलोचं. ० ला हो आहे, म्हणून ३ ला हो. पुढे गेल्यावर ६ चा रकाना येतो. तो ३ कडे बघतो, आणि तिथे आत्ताच लिहिलेलं हो त्याला दिसतं. म्हणून ६ ला हो. मग ९ ला, १२ ला, १५ ला. प्रोग्रॅम म्हणतो १५ जमतात, आणि त्याने लोणच्याचं एकच खोकं पाच वेळा मोजलेलं असतं. उलटीकडून गेलं की s - v या रकान्यात अजून जुन्या ओळीतलंच उत्तर असतं, म्हणून एक खोकं एकदाच लागतं.

या चुकीचा खरा धोका वेगळाच आहे. आपल्या सामानाच्या उदाहरणावर चुकीचा प्रोग्रॅम चालवलात तरी उत्तर 'हो' येतं, आणि बरोबर उत्तरही 'हो' आहे. तपासणी पास होते, चूक आत तशीच राहते. म्हणून ज्याचं खरं उत्तर 'नाही' आहे अशा यादीवर तपासा. मघाचे १, २, ५ घ्या. बरोबर प्रोग्रॅम ०, १, २, ३ एवढेच गाठतो आणि 'नाही' म्हणतो. चुकीचा प्रोग्रॅम पहिल्याच १ वरून १, २, ३, ४ अशी शिडी चढतो आणि 'हो' म्हणून मोकळा होतो. तीन आकड्यांत चोर सापडला. जाता जाता एक गोष्ट: ती सरळ फेरी अगदी निरुपयोगी नाही. एकच नाणं कितीही वेळा वापरायची मुभा असते, त्या नाण्यांच्या प्रश्नात नेमकी तीच लागते. चुकीची ठरते ती 'एकदाच' ही अट असताना.

एकच ओळ ठेवली की उलटं चालून खोकी शोधायची सोय मात्र जाते, कारण वरच्या ओळी पुसल्या गेल्या. त्यावर उपाय साधा आहे. एखाद्या बेरजेला पहिल्यांदा हो मिळालं ते कुठल्या खोक्यामुळे, एवढं तिच्याशेजारी लिहून ठेवा. १५ ला पहिल्यांदा हो ७ मुळे, ८ ला ५ मुळे, ३ ला ३ मुळे. धागा धरून मागे गेलात की तीच वाटणी मिळते. 'पहिल्यांदा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नंतरच्या खोक्याने ती नोंद बदलू दिली, तर मागे जाताना एकच खोकं दोनदा भेटू शकतं.

आता नॅपसॅक. पाठीवरच्या पिशवीला १५ किलो पेलतात, प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि किंमतही आहे. पेलेल तेवढ्यात जास्तीत जास्त किमतीचं सामान भरायचं. पुस्तकात हा प्रश्न आधी येतो आणि सबसेट सम नंतर, म्हणून अनेकांना दोन वेगळी सूत्रं पाठ करावीशी वाटतात. गरज नाही. या दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघा.

```python
jamte[s] = jamte[s] or jamte[s - v]
labh[s] = max(labh[s], labh[s - v] + kimmat)
```

तेच घे किंवा सोड, तेच s - v, तीच उलटी फेरी. फक्त घरात हो-नाही ऐवजी आकडा आला, आणि 'किंवा' च्या जागी 'दोन्हींतलं मोठं' आलं. प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या वजनाएवढीच ठेवा, पिशवीची क्षमता निम्म्या बेरजेएवढी ठेवा, आणि नॅपसॅक चालवा. पिशवी काठोकाठ भरली तर समान वाटणी जमली. नाही भरली, तरी ती निम्म्याच्या किती जवळ जाता येतं ते सांगते. १, २, ५ ला क्षमता ४ दिली तर उत्तर ३ येतं. म्हणजे वाटण्या ३ आणि ५, फरक २, आणि यापेक्षा कमी फरक शक्यच नाही. बूलियन ओळीतूनही हेच वाचता येतं. निम्म्यापासून डावीकडे येत पहिला हो शोधायचा, बस.

एका ठिकाणी मात्र दोन्ही तक्ते वेगळे आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे मघाची ती क्षुल्लक वाटणारी पहिली ओळ. नॅपसॅकमध्ये पहिली ओळ सगळीच्या सगळी शून्यांची असते. कारण तिथे घराचा अर्थ 'जास्तीत जास्त एवढ्या वजनात' असा आहे, आणि रिकामी पिशवी कुठल्याही क्षमतेत बसते. सबसेट समच्या घराचा अर्थ 'नेमकी एवढी बेरीज'. म्हणून तिथे फक्त शून्याच्या रकान्यात हो. सवयीने बूलियन तक्त्याची पहिली ओळ सगळी हो अशी भरलीत, तर प्रत्येक बेरीज 'जमते' असं उत्तर येईल. उलट नॅपसॅकमध्येच 'पिशवी नेमकी भरलीच पाहिजे' अशी अट हवी असेल, तर पहिल्या ओळीत शून्याच्या रकान्यात ० ठेवा आणि बाकी सगळीकडे उणे अनंत. ते उणे अनंत म्हणजेच आपलं 'नाही'.

मग बूलियन तक्त्याने नॅपसॅक सुटेल का? नाही. समजा खोक्यांच्या किमती शेकडा रुपयांत अशा आहेत: लोणचं ४, फराळ ६, भांडी १०, तांदूळ ८, पुस्तकं ११. भांडी आणि पुस्तकं मिळून १५ किलोत २१. लोणचं, फराळ, तांदूळ मिळूनही १५ किलो, पण किंमत १८. बूलियन तक्त्यात दोन्ही वाटा १५ च्या एकाच 'हो' मध्ये विरघळल्या. बेरीज कशी झाली हे विसरण्यातच त्याची ताकद होती. किंमत आली की ते विसरून चालत नाही, मग घरात आकडाच ठेवावा लागतो.

नावांचा एक गोंधळही इथेच सांगून टाकतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये २१ अवघड प्रश्नांची प्रसिद्ध यादी दिली. त्या यादीत नॅपसॅक आहे आणि वाटणीही आहे. पण कार्प यांच्या नॅपसॅकमध्ये किमती नाहीतच. आकडे दिलेत, काही निवडून नेमकी बेरीज करा, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणजे आज आपण ज्याला सबसेट सम म्हणतो तोच.

तुम्ही म्हणाल, अवघड कसला? आपण तर चार ओळींत सोडवला. ४० खोकी आणि एकूण २००० किलो असले तरी तक्ता ४० गुणिले १००१, म्हणजे ४०,०४० घरांचा. क्षणात होतो. खरं आहे, पण तक्त्याची रुंदी खोक्यांच्या संख्येवर नाही, आकड्यांच्या मोठेपणावर ठरते. तेच सामान किलोऐवजी ग्रॅममध्ये लिहा. प्रत्येक आकडा जेमतेम तीन अंकांनी लांबला, पण १६ रकान्यांचे १५,००१ रकाने झाले. एकेक अंक वाढला की काम दहापट. म्हणून याला खराखुरा जलद उपाय म्हणत नाहीत, छद्म-बहुपदी म्हणतात. आकडे लहान असेपर्यंतच तो जलद.

व्यवहारात यावर दोन गोष्टी करता येतात. सगळी वजनं ५०० ग्रॅमच्या पटीत असतील तर सगळ्यांना ५०० ने भागा, तक्ता ५०० पट अरुंद होतो आणि उत्तरात काहीही बदल होत नाही. दुसरं, 'नेमकं निम्मं' खरंच हवं आहे का ते विचारा. विमानाला १५ किलोच्या आत असलं की पुरे. समजा वजनं १०० ग्रॅमच्या एककात मोजली आणि एकूण आलं २९४. एकाकडे १५० पर्यंत चालतं, दुसऱ्याकडेही १५० पर्यंत. म्हणजे पहिल्याची बेरीज १४४ ते १५० यांत कुठेही आली तरी काम झालं. १५० रकान्यांपर्यंत तक्ता भरायचा आणि शेवटच्या ओळीत त्या सात घरांत एक तरी हो आहे का बघायचं.

आणि आकडे खरोखरच अवाढव्य असतील, म्हणजे ४० आकडे, प्रत्येक बारा-पंधरा अंकी, तर तक्ता सोडा. तो सगळे उपसंच तपासण्यापेक्षाही महाग पडेल. तिथे हॉरोविट्झ आणि साहनी यांनी १९७४ मध्ये दिलेली युक्ती वापरा. यादीचे २०-२० चे दोन भाग करायचे, प्रत्येक भागाच्या सगळ्या बेरजा काढायच्या आणि दोन्ही याद्या क्रमाने लावायच्या. प्रत्येक यादीत १०,४८,५७६ बेरजा. मग एका यादीत लहानाकडून आणि दुसरीत मोठ्याकडून चालत यायचं. दोघांची मिळून बेरीज कमी पडली तर पहिलीत पुढे सरका, जास्त झाली तर दुसरीत मागे या, नेमकी जुळली तर थांबा. सुमारे १ लाख १० हजार कोटींचं काम वीसेक लाख पावलांत उरकतं, आणि आकडे किती अंकी आहेत याने पावलांची संख्या बदलत नाही.